कबड्डीची साखळी, एका रेघेवरचे आठ स्प्राईट आणि गायब होणारे खेळाडू

कोपरारक्षक

मंडळी, जुन्या आठ-बिटी फॅमिकॉमसाठी कबड्डीचा गेम लिहितोय. आपल्याकडं ज्याला सगळे नुसतं 'टीव्ही गेम' म्हणायचे, तेच मशीन. भाषा 6502 ची असेंब्ली, असेंब्लर ca65. मैदान, गुण, चढाईचा दम, सगळं जमलंय. अडलंय ते साखळीपाशी.

माझ्या गेममध्ये आपण चढाईपटूच्या पाठीमागून बघतो. मध्यरेषा आडवी, समोर सात बचावपटू हात धरून आडवे पसरलेले. तसे पसरले की त्यातले तीन-चार जण गायब होतात. अख्खा माणूस जातोच असं नाही. एखाद्याचं डोकं दिसतं आणि कंबरेखालचं काहीच नाही, एखाद्याचे नुसते पाय. इम्युलेटरमध्ये तेच, आणि शाहूपुरीतून मिळवलेल्या जुन्या क्लोनवरही तेच.

माझा प्रत्येक खेळाडू १६ पिक्सेल रुंद आणि २४ उंच, म्हणजे ८ बाय ८ चे सहा स्प्राईट, पार्श्वभूमीवर सुटे हलणारे चित्राचे तुकडे. आठ खेळाडूंचे झाले ४८. मशीन ६४ दाखवतं. मग हे बसायला नको का? आणि दुसरं, लहानपणी गेममध्ये गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे. माझे लुकलुकत नाहीत, सरळ जातात. हा फरक का?

तांबडा_पांढरा

भावा, विषय लई भारी निवडलास. कबड्डीचा गेम आपल्या हातचा असला पाहिजे, मी पहिला गिऱ्हाईक.

लुकलुकीचं म्हणशील तर मशीनचा प्रोसेसर दमतो. दोघं मिळून काँट्रा खेळताना गोळ्या वाढल्या की सगळं संथ व्हायचं आणि लुकलुकायचं. जेवढी माणसं जास्त तेवढा हिशोब जास्त. कोड हलका कर, होईल.

जुना_सोल्डर

लक्ष्मीपुरीत माझं दुरुस्तीचं काम चालायचं. 'गेम लुकलुकतोय' म्हणून रोज कुणीतरी मशीन घेऊन यायचं. अडॅप्टरमधला कपॅसिटर गेलेला असायचा, बदलला की चित्र शांत. आधी व्होल्टेज तपासा. क्लोनबरोबरचे जुने अडॅप्टर भरवशाचे नसतात.

पंचगंगा_६५०२

सोल्डरदादा, तुमचं निदान तुमच्या जागी बरोबर आहे, पण तो आजार वेगळा. कपॅसिटर गेला की अख्खं चित्र हलतं, आडवे पट्टे वर सरकतात, मैदानसुद्धा थरथरतं. इथं मैदान स्थिर आहे, फक्त माणसं जातायत, आणि इम्युलेटरमध्येही जातायत. इम्युलेटरला अडॅप्टर नसतो.

आता मूळ गोष्ट. ६४ ही अख्ख्या पडद्याची मर्यादा. तिच्याशिवाय आणखी एक आहे आणि खरी अडचण तिचीच: कुठल्याही एका आडव्या रेघेवर जास्तीत जास्त आठ स्प्राईट. तुझा एक खेळाडू १६ रुंद, म्हणजे कुठल्याही रेघेवर तो दोन जागा खातो. साखळीतले सात जण एका ओळीत आले की चौदा जागा लागतात आणि मिळतात आठ. चार माणसं दिसणार, तीन जाणार.

हे आठच का, तेही बघ. या मशीनच्या चित्रचिपकडं पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही. टीव्हीचा किरण रेघ ओढत जातो तसतशी ती चिप त्या-त्या क्षणी रंग पुरवते. एक रेघ चिपच्या घड्याळाच्या ३४१ ठोक्यांची. त्यातल्या २५६ ठोक्यांत दिसणारे पिक्सेल जातात. तेवढ्याच वेळात चिप ६४ स्प्राईटची यादी पहिल्यापासून वाचत जाते आणि पुढच्या रेघेवर कोण येतंय ते ठरवून पहिल्या आठांना बाजूला काढते. मग रेघ संपल्यावर किरण डावीकडं परततो त्या फटीत त्या आठांची चित्रं कार्ट्रिजमधून आणते. एका स्प्राईटला आठ ठोके, आठांचे चौसष्ट. उरलेले थोडे ठोके पुढच्या रेघेची पार्श्वभूमी सुरू करण्यात जातात. नवव्याला वेळही नाही आणि त्याला धरून ठेवायला चिपमध्ये रकानाही नाही.

निवड यादीतल्या क्रमाने होते. ज्याचा क्रमांक खालचा तो आधी. तुझ्या यादीत शेवटचे तीन कायम शेवटी असतील तर प्रत्येक फ्रेमला तेच तीन बाहेर राहणार. म्हणून ते लुकलुकत नाहीत, जातातच. निर्णय रेघेगणिक होतो, त्यामुळं एखादा बचावपटू जरा खाली वाकलेला असला तर त्याच्या वरच्या रेघांवर गर्दी असते आणि खालच्यांवर नसते. मग पाय राहतात, धड जातं.

आणि तू विचारलेला फरक: यंत्र स्वतःहून लुकलुकवत नाही. ते नुसतं गायब करतं. लुकलुक ही प्रोग्रामरनं मुद्दाम आणलेली असायची. दर फ्रेमला यादीचा क्रम बदलायचा, म्हणजे या वेळी जे गेले ते पुढच्या वेळी दिसतात आणि दुसरे जातात. सेकंदाला ६० फ्रेम, त्यामुळं डोळ्याला सगळेच असल्यासारखे वाटतात, फक्त थरथरतात. लहानपणी जे बघितलंस तो उपाय होता.

कसबा_बावडा

माझ्या घरचा नवा एलईडी टीव्ही रात्री आवाज कमी केला की लुकलुकतो. त्यावर पण रेघांची मर्यादा असते का? कंपनीचा माणूस पॅनेल बदला म्हणतोय.

जुना_सोल्डर

कसबा, तुमचं वेगळं आहे, बॅकलाईटचा वीजपुरवठा बघायला पाहिजे. मला मेसेज करा, इथं नको. पॅनेल लगेच बदलू नका.

पंचगंगा, पट्टे सरकणं आणि माणसं जाणं यातला फरक पटला. आता आठवतंय, काही मशीन मी कितीही सुटे भाग बदलले तरी गिऱ्हाईक म्हणायचं अजून लुकलुकतंय. ती ही असणार.

तांबडा_पांढरा

पण मग संथ का व्हायचं? ते तर प्रोसेसरचंच झालं की.

पंचगंगा_६५०२

संथ होणं प्रोसेसरचंच, ते तुझं बरोबर. एका फ्रेमचा हिशोब एका फ्रेमच्या वेळात संपला नाही की खेळ पुढच्या फ्रेमपर्यंत थांबतो आणि सगळं अर्ध्या वेगानं चालतं. लुकलुक चित्रचिपच्या मर्यादेमुळं. दोन्हीचं कारण गर्दी असल्यानं एकत्र दिसायचे, म्हणून एकच वाटायचे. कोड कितीही हलका केला तरी नववा स्प्राईट येणार नाही. उलट मोकळ्या मैदानात दहा गोळ्या एका रेघेवर सोड, प्रोसेसर निवांत असतानाही दोन दिसणार नाहीत.

उद्यमनगर_लेथ

एवढं डोकं कशाला चालवायचं? इम्युलेटरमध्ये स्प्राईटची मर्यादा काढून टाकायची सोय असते. ती चालू कर, सगळे सात जण दिसतील. आजकाल खऱ्या मशीनवर खेळतंय कोण?

कोपरारक्षक

मला खऱ्या मशीनवरच चालवायचाय. नाहीतर मग फोनसाठी लिहिला असता.

पंचगंगा_६५०२

लेथसाहेब, ती सोय नुसतं बघायला चांगली आहे, पण ती लावली की काही गेम बिघडतात. 'द लेजंड ऑफ झेल्डा'त तळघराच्या वरच्या किंवा खालच्या दारातून नायक लिंक आत जातो तेव्हा तो चौकटीमागं हळूहळू नाहीसा होतो. ते या मर्यादेच्याच जोरावर केलंय. दाराच्या रेघांवर यादीत सगळ्यात आधी आठ कोरे स्प्राईट ठेवलेत, ते सगळ्या जागा अडवतात आणि लिंक नववा होऊन कापला जातो. 'कॅसलव्हेनिया २' मध्ये दलदलीत नायक सायमनचे पाय बुडतात तेही असंच. मर्यादा काढली की लिंक दारावर तरंगताना दिसतो.

यातून तुझ्या कामाची एक गोष्ट घे, कोपरारक्षक. कोरा स्प्राईटही जागा खातो. चिप फक्त उंची बघते, आत रंग आहे की नाही ते नाही.

कोपरारक्षक

हे महत्त्वाचं निघालं. मी ८ बाय १६ चे स्प्राईट वापरायचा विचार करत होतो. ६४ च्या यादीत जागा वाचेल म्हणून.

पंचगंगा_६५०२

यादीत वाचेल, एका खेळाडूला सहाऐवजी चार लागतील. पण तुझा माणूस २४ उंच आहे आणि दोन वर दोन ठेवले की ३२ होतात. वरच्या आठ रेघा कोऱ्या, तरी त्या आठ रेघांवर तो दोन जागा अडवून बसणार. त्याच्या मागच्या माणसाचे पाय विनाकारण जातील. तुझी अडचण रेघेची आहे, यादीची नाही. ८ बाय ८ वरच राहा.

चढाई_राणी

मला यातलं प्रोग्रामिंग कळत नाही, पण कबड्डी कॉलेजभर खेळले आहे, म्हणून एक विचारते. मैदान पाठीमागूनच का दाखवताय? टीव्हीवर सामना दाखवतात तेव्हा कॅमेरा बाजूला असतो. मध्यरेषा पडद्यावर उभी येते, चढाईपटू डावीकडून उजवीकडं जातो आणि बचाव वरपासून खालपर्यंत पसरलेला असतो. एक कोपरा वर, दुसरा कोपरा खाली. साखळी मग उभी दिसेल. एका आडव्या रेघेवर एक किंवा दोनच माणसं येतील की.

तांबडा_पांढरा

ताई, नाद खुळा!

पंचगंगा_६५०२

चढाई_राणी, हे उत्तर मी द्यायला हवं होतं. जुन्या गेमकर्त्यांचा सगळ्यात मोठा उपाय हाच: गर्दी आडवी होऊच द्यायची नाही. शत्रू वेगवेगळ्या उंचीवर ठेवायचे, एका पट्ट्यात तीनपेक्षा जास्त सोडायचेच नाहीत. नीट जमलेल्या पातळीत खेळणाऱ्याला मर्यादेचा पत्ताही लागत नाही.

हिशोब बघ. पडदा २४० रेघांचा. सात बचावपटू गुणिले २४, म्हणजे १६८. उभे बसतात आणि गुणांना वर जागाही राहते. चढाई चालू असताना एका रेघेवर चढाईपटू आणि एखाद-दुसरा बचावपटू, म्हणजे चार ते सहा जागा. पकड झाली, तिघं एकदम धावून आले, तरी चौघांचे बरोबर आठ. पाचवा आला की मगच ओलांडते.

उद्यमनगर_लेथ

आणि साखळी पार्श्वभूमीत काढली तर? 'मेगा मॅन २' मधला तो मोठा ड्रॅगन पार्श्वभूमीचा आहे असं वाचलंय. मग स्प्राईट लागतच नाहीत.

पंचगंगा_६५०२

बरोबर वाचलंय. तो ड्रॅगन पार्श्वभूमीच्या फरशांचा आहे आणि म्हणूनच त्याच्या मागं सगळं काळं आहे. तो हलतो म्हणजे अख्खी पार्श्वभूमी सरकते. इथं तसं केलं तर साखळीबरोबर मैदानाच्या रेषाही सरकतील. फरशा बदलून हलवायचं म्हटलं तर आठ-आठ पिक्सेलच्या उड्या बसतील आणि रंगांचा गट १६ बाय १६ च्या चौकटीत बांधलेला असतो. हलत्या बचावाला नाही चालणार. पण बाद होऊन बाहेर बसलेले खेळाडू, पंच, प्रेक्षक, हे सगळे पार्श्वभूमीतच टाक. ते हलत नाहीत.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

थोडं अवांतर. माझ्या मामाकडं दुबईहून आणलेला अटारी २६०० होता. त्यातल्या पॅक-मॅनमधली भुतं सदानकदा लुकलुकायची, दूर-दूर असली तरी. तिथंही आठचीच मर्यादा होती का?

पंचगंगा_६५०२

तिथं त्याहून कठीण. १९७७ चं मशीन, हलणारी चित्रं दोनच, शिवाय दोन बारीक गोळ्या आणि एक चेंडू. १९८२ च्या पॅक-मॅनमध्ये चार भुतं आळीपाळीनं एका फ्रेमला एक अशी काढलीत. म्हणजे प्रत्येक भूत सेकंदाला १५ वेळाच दिसतं, मग ती जवळ असोत वा लांब. पुढं त्याच मशीनवर मिस पॅक-मॅन आला. त्यात भुतं वेगवेगळ्या उंचीवर असतील तर तेच चित्र रेघांच्या मधे हलवून पुन्हा वापरलंय, आणि एका पट्ट्यात आली तरच आळीपाळी. म्हणून तो कितीतरी शांत दिसतो. यंत्र तेच.

कोपरारक्षक

मैदान फिरवलं. चढाई_राणी, तुमचं नाव गेमच्या श्रेयनामावलीत टाकतोय. साखळी पूर्ण दिसते आता.

पण पकडीच्या वेळी सगळे सात जण एकावर तुटून पडतात ना, तिथं परत माणसं जातात. तिथं तुम्ही सांगितलेलं क्रम बदलणं करून बघितलं. दर फ्रेमला यादी एका बचावपटूनं पुढं सरकवली. लुकलुकतंय खरं, पण फार संथ, जणू माणसं ओळीनं विझत आणि पेटत जातायत. जुन्या गेममध्ये असं वाटायचं नाही.

पंचगंगा_६५०२

एकानं सरकवल्यामुळंच. चढाईपटूला तू कायम यादीत पहिला ठेवला असशील असं धरतो. त्याच्या दोन जागा गेल्या, राहिल्या सहा, म्हणजे एका फ्रेमला तीन बचावपटू.

बचावपटूंना ० ते ६ क्रमांक दे. एकेकानं सरकवलं तर फ्रेम पहिली ०, १, २. दुसरी १, २, ३. तिसरी २, ३, ४. आता क्रमांक २ कडं बघ: सलग तीन फ्रेम दिसतो, मग सलग चार फ्रेम नाही. सात फ्रेमला एक फेरी, म्हणजे सेकंदाला साडेआठ वेळा विझतो-पेटतो. डोळा ते स्पष्ट पकडतो.

तीनानं सरकव. पहिली ०, १, २. दुसरी ३, ४, ५. तिसरी ६, ०, १. चौथी २, ३, ४. पाचवी ५, ६, ०. सहावी १, २, ३. सातवी ४, ५, ६. प्रत्येकजण सातात तीनदाच दिसतो, आधीइतकाच. पण आता कुणीही सलग दोनपेक्षा जास्त फ्रेम गायब राहत नाही. सेकंदाला सरासरी २५-२६ वेळा दिसतो आणि तेही विखरून. बदल एवढाच:

```
  lda start
  clc
  adc #3
  cmp #7
  bcc store
  sbc #7
store:
  sta start
```

`cmp` नंतर इथपर्यंत आलो म्हणजे कॅरी लागलेलाच आहे, म्हणून `sbc` च्या आधी `sec` नको. चार किंवा दोनानंही चालेल, बघून ठरव. बचावपटूच कमी झाले, समजा सहा राहिले, तर दोन्ही `#7` च्या जागी `#6` करून तीनानं सरकवल्यावर ०, १, २ आणि ३, ४, ५ असे दोनच गट आळीपाळीनं येतील. ते उत्तमच, प्रत्येकाला ३० वेळा.

कोपरारक्षक

केलं. जमीन-अस्मानाचा फरक. आता गर्दी असूनही माणसं पूर्ण वाटतात.

दोन गोष्टी राहिल्यात. पायाखालून उडणारी माती म्हणून एक स्प्राईट टाकला होता, तो आला की एखादा बचावपटू उभा अर्धा कापला जातो. डावी बाजू आहे, उजवी नाही.

पंचगंगा_६५०२

माती एकटी आहे, तिनं एक जागा घेतली की विषम संख्या उरते. शेवटच्या माणसाला एकच जागा मिळते आणि त्याचा एकच अर्धा भाग बसतो. माती यादीत सगळ्यात शेवटी टाक. जागा उरली तर दिसेल, नाहीतर नाही. माती गेलेली कुणाला कळत नाही, अर्धा माणूस कळतो.

कोपरारक्षक

झालं. दुसरी गोष्ट: गर्दी नसतानाही दोन बचावपटू एकमेकांवर आले की कोण पुढं, कोण मागं हे थरथरतं.

पंचगंगा_६५०२

यादीत आधी असलेला पुढं दिसतो. तू क्रम फिरवतोस म्हणजे पुढं-मागंही फिरतं. म्हणून मी तरी फक्त गरज असेल तेव्हाच फिरवतो. एरवी जो पडद्यावर खाली तो यादीत आधी, म्हणजे जवळचा माणूस पुढं दिसतो. पाच माणसं एका पट्ट्यात आली की मगच फिरवणं चालू. मिस पॅक-मॅनची रीत हीच.

गरज आहे का ते चिपला विचारू नकोस. `$2002` मध्ये पाचवा बिट त्यासाठीच आहे, पण त्यात दोष आहे. आठ भरल्यानंतर पुढचे तपासताना चिप उंचीच्या बाइटऐवजी भलतेच बाइट उंची समजून वाचत जाते. गर्दी नसताना हो म्हणते, असताना नाही म्हणते. आठ खेळाडूंच्या उंच्या तुझ्याकडं आहेतच, स्वतः मोज.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मला हे पटत नाही. गरजेपुरतं फिरवलं की पकड सुरू होताच चित्र अचानक थरथरायला लागतं आणि डोळ्यात भरतं. कायम फिरवलं तर डोळ्याला सवय होते. मी माझ्या छोट्या गेममध्ये कायमच फिरवतो.

पंचगंगा_६५०२

तुझ्या गेममध्ये माणसं एकमेकांवर येत नसतील. कबड्डीत पकड म्हणजे एकमेकांवर येणंच.

चढाई_राणी

खेळणाऱ्याच्या बाजूनं सांगते. पकडीच्या क्षणी चढाईपटूचा हात मध्यरेषेला लागला की नाही एवढंच बघायचं असतं. तो हात कधीच लुकलुकता कामा नये. बाकीचे थरथरले तर चालतील, खऱ्या पकडीतही कुणाचा पाय कुठला कळत नाही.

तांबडा_पांढरा

कोपरारक्षक, व्हिडिओ टाक की एखादा.

कोपरारक्षक

टाकला होता, काढला. फोननं ३० फ्रेमनं रेकॉर्ड केलं, त्यामुळं सहा जणांच्या बचावात दोन गटांपैकी एकच गट कायम दिसत होता आणि दुसरा गायबच. ६० नं करून परत टाकतो.

क्लोनवर मात्र इम्युलेटरपेक्षा जास्त थरथरतंय. माझं मशीन ५० फ्रेमचं आहे.

पंचगंगा_६५०२

म्हणूनच. सातात तीन हे प्रमाण तेच, पण आता सेकंदाला २१ वेळा. तिथं पकडीला सातही जण जवळ आणूच नकोस. पाच आले की उरलेले दोघं अर्ध्या मैदानावर थांबू देत, सावध पवित्र्यात.

चढाई_राणी

कोपरे थांबवू नका, ते पकडीत असलेच पाहिजेत. थांबवायचेच तर मधल्यांना थांबवा.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

आणि दोन्ही रीती ठेव, एक बटण दाबून बदलता येईल अशा. बिंदू चौकात टीव्ही लावू आणि खेळणाऱ्यांना विचारू कुठली कमी थरथरते. मी कायम फिरवण्यावर ठाम आहे.